डीओआय उघडला म्हणजे संदर्भ पडताळला असे नाही

प्रश्न : मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षणशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने मुलींच्या शाळागळतीवरील आढावा-लेखाचा मसुदा दिला आहे. सूचीत साठेक संदर्भ आहेत आणि बहुतेकांपुढे डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, लिहिलेला आहे. सूची तयार करताना चॅटबॉटची मदत घेतल्याचे ती मोकळेपणाने सांगते. दोन-तीन दुवे मी सहज उघडून पाहिले, तर एक उघडलाच नाही आणि एक भलत्याच विषयावरच्या लेखावर गेला. बनावट संदर्भ कसे ओळखावेत आणि प्रत्येकाची खात्री कशी करावी? डीओआय उघडला की तो संदर्भ खरा मानायचा का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. डीओआय उघडणे ही पडताळणीची सुरुवात असते. तो उघडल्यावर जी नोंद दिसते ती मसुद्यातील ओळीशी शब्दशः ताडून पाहिल्याशिवाय संदर्भ खरा मानता येत नाही. त्यामुळे सूची वरून वाचून संशयास्पद वाटतील तेवढेच संदर्भ बाजूला काढण्याचा विचार सोडून द्यावा. चॅटबॉटने रचलेला संदर्भ संशयास्पद दिसत नाही, हीच त्यातली अडचण आहे. त्यात लेखकांची नावे त्या विषयातल्या खऱ्या अभ्यासकांची असतात, नियतकालिक खरे आणि नावाजलेले असते, शीर्षक तर इतके नेमके असते की असा लेख कोणीतरी लिहिलेलाच असणार असे वाटते. विल्यम वॉल्टर्स आणि एस्थर वाइल्डर यांनी २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या छोट्या निबंधांतील ६३६ संदर्भ तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या जीपीटी-३.५ आवृत्तीने दिलेल्यांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग पुढचा आहे : जे लेख खरोखर अस्तित्वात होते त्यांच्याही संदर्भांत अनुक्रमे ४३ आणि २४ टक्क्यांत गंभीर चुका होत्या. म्हणजे बनावट संदर्भ काढून टाकल्यावरही काम संपत नाही, आणि म्हणूनच साठच्या साठ संदर्भ एकेक करून तपासावे लागतील.

पडताळणीची रीत साधी आहे. डीओआय नेहमी `10.` ने सुरू होतो. तिरकस रेघेआधीचा भाग तो क्रमांक नोंदवणाऱ्या प्रकाशकाचा असतो आणि रेघेनंतरचा भाग त्या विशिष्ट लेखाचा. तो क्रमांक मसुद्यातून उचलून ब्राउझरमध्ये `https://doi.org/` च्या पुढे चिकटवावा. मसुद्यातल्या दुव्यावर मात्र टिचकी मारू नये, कारण वर्डच्या फाइलीत दिसणारा क्रमांक एक आणि त्यामागे दडलेला पत्ता दुसरा असे सर्रास आढळते. प्रकाशकाचे पान उघडले की शीर्षक, पहिल्या लेखकाचे आडनाव, नियतकालिक, वर्ष, खंड आणि पृष्ठांक या गोष्टी मसुद्यातल्या ओळीशी जुळवाव्यात. प्रकाशकांच्या पानांवर जाहिराती आणि लॉगिनच्या चौकटी फार असतात. त्या टाळायच्या असतील आणि संगणकावर आज्ञा टाइप करण्याची सवय असेल, तर पुढील एका ओळीत केवळ नोंद मिळते :

```
curl -LH "Accept: text/x-bibliography; style=apa" https://doi.org/10.1038/171737a0
```

या आज्ञेने त्या क्रमांकावर नोंदलेला लेख तयार संदर्भाच्या रूपात समोर येतो, आणि मसुद्यातली ओळ त्याच्या शेजारी ठेवून पाहता येते. हा क्रमांक मी मुद्दाम निवडला आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा एप्रिल १९५३ चा ‘नेचर’मधील प्रसिद्ध लेख त्यावर नोंदलेला आहे. आता समजा, एखाद्या मसुद्यात पुढील ओळ आली आहे :

```
Watson, J. D., & Crick, F. H. C. (1953). Genetical
implications of the structure of deoxyribonucleic acid.
Nature, 171, 964–967. https://doi.org/10.1038/171737a0
```

दुवा व्यवस्थित उघडतो. पान ‘नेचर’चे आहे, लेखक वॉटसन आणि क्रिकच आहेत, वर्ष १९५३ आणि खंडही १७१ च आहे. घाईत तपासणारा इथे बरोबरची खूण करून पुढे जाईल. परंतु उघडलेला लेख ७३७-७३८ या पानांवरचा आहे, तर मसुद्यात शीर्षक दिले आहे ते याच दोघांच्या त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या लेखाचे. तो ९६४ व्या पानापासून सुरू होतो आणि त्याचा डीओआय `10.1038/171964b0` असा आहे. या उदाहरणात दोन्ही लेख खरे आहेत आणि चूक केवळ अदलाबदलीची आहे. तरी ती शीर्षक आणि पृष्ठांक पाहिल्यावाचून सापडली नसती. ‘नेचर’च्या त्या काळच्या क्रमांकांत खंड आणि पान दोन्ही दडलेले असतात, म्हणून इथे नुसत्या नजरेनेही ७३७ आणि ९६४ यांतली विसंगती लक्षात येते. सर्वच प्रकाशक क्रमांक असे अर्थपूर्ण देत नाहीत, त्यामुळे या युक्तीवर विसंबू नये.

आपला एक दुवा भलत्याच लेखावर गेला, त्याचे कारण आता समजून घेता येईल. डीओआयचा पहिला भाग त्या प्रकाशकाच्या हजारो लेखांत पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे चॅटबॉटला तो बरोबर जमतो. नंतरचे अंक मात्र तो त्या धाटणीने नुसते भरतो. ‘प्लॉस वन’चे डीओआय `10.1371/journal.pone.` आणि त्यापुढे सात अंक असे असतात आणि लेख हजारोंनी असल्यामुळे मनाने घातलेल्या सात अंकांवरही कुठला ना कुठला खरा लेख सापडण्याची शक्यता बरीच असते. म्हणून शाळागळतीच्या संदर्भाचा दुवा ‘प्लॉस वन’मधल्याच एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या लेखावर जातो. नियतकालिक बरोबर आणि लेख सर्वस्वी वेगळा, अशी जोडी दिसली की ती टाइप करताना झालेली चूक असण्यापेक्षा रचलेला संदर्भ असण्याची शक्यता अधिक धरावी. एल्सव्हिअरच्या पुष्कळ डीओआयमध्ये नियतकालिकाच्या आद्याक्षरांनंतर वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असतात. क्रमांकात २०१८ आणि मसुद्यात २०१९ असे एका वर्षाचे अंतर स्वाभाविक आहे, कारण लेख स्वीकारणे आणि अंक निघणे यांत तेवढा काळ जातो. क्रमांकात २०१८ आणि मसुद्यात २००९ असेल, तर मात्र दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे.

राहिला तो न उघडणारा दुवा. `DOI Not Found` असे पान आले म्हणजे संदर्भ बनावट, असा निकाल लगेच देऊ नये. पीडीएफमधून उचलताना वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम क्रमांकाला चिकटून येतो, ओळ तुटते तिथे जागा किंवा जादा जोडरेघ घुसते, वर्डचे सॉफ्टवेअर साध्या जोडरेघेची लांब रेघ करून टाकते, शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर येते. वायलीच्या जुन्या लेखांच्या डीओआयमध्ये तर कंस, अर्धविराम आणि टोकदार कंसही असतात आणि ते अर्ध्यावर तुटलेले मी अनेक सूच्यांत पाहिले आहेत. अक्षरे लहान की मोठी याने मात्र काही फरक पडत नाही. शेपटीचा पूर्णविराम काढून, क्रमांक नव्याने टाइप करूनही पान उघडले नाही, तर क्रमांक बाजूला ठेवून शीर्षकावरून शोध घ्यावा. त्यासाठी क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेचा शोध सर्वांना खुला आहे. `search.crossref.org` वर शीर्षक टाकावे, अथवा ब्राउझरमध्येच पुढील पत्ता उघडून शेवटी शीर्षकातले शब्द घालावेत :

```
https://api.crossref.org/works?rows=3&query.bibliographic=
```

इथे एक सावधगिरी हवी. हा शोध सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. नेमका लेख नसेल तर त्यातल्या त्यात जवळचा लेख तो पुढे करतो. मसुद्यातल्या शीर्षकातले चार शब्द जुळणारा, पण लेखक आणि वर्ष निराळे असलेला लेख समोर आला की ‘हाच असणार’ असे म्हणून त्याचा डीओआय घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष हे तिन्ही जुळले तरच तो तोच लेख समजावा.

क्रॉसरेफमध्ये एखादी नोंद नसणे हेही बनावटपणाचे लक्षण नव्हे. डीओआय देणाऱ्या नोंदणी संस्था अनेक आहेत. अर्काइव्ह या पूर्वप्रकाशन-संग्रहाचे `10.48550` ने सुरू होणारे आणि झेनोडो या संशोधन-संग्रहाचे `10.5281` ने सुरू होणारे डीओआय डेटासाइट ही संस्था नोंदवते, आणि ते क्रॉसरेफच्या `https://api.crossref.org/works/` या पत्त्यापुढे लिहिल्यास `Resource not found.` एवढेच उत्तर मिळते. कोणता क्रमांक कोणाकडे नोंदलेला आहे हे पाहायचे असल्यास `https://doi.org/ra/` च्या पुढे तो लिहावा. संस्थेचे नाव समोर येते. वर दिलेली `curl` ची आज्ञा थेट `doi.org` कडे जाते, त्यामुळे या दोन्ही संस्थांच्या क्रमांकांना ती चालते.

आपल्या विषयात डीओआय नसलेले खरे संदर्भ पुष्कळ असणार. पुस्तके, शासकीय अहवाल, मराठी नियतकालिकांतले लेख, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे कित्येक जुने लेख यांच्यापुढे डीओआय नसेल, तर त्यात वावगे काही नाही. उलट, जिथे तो नसायला हवा तिथे तो दिसला तर थबकावे. शोधगंगेवरील प्रबंधांचा क्रमांक `10603/` ने सुरू होतो. तो हँडल या पद्धतीचा क्रमांक आहे आणि `hdl.handle.net` वर उघडतो. दहानंतर टिंब नसल्यामुळे तो डीओआय नाही हे ओळखता येते, तरीही सूचींमध्ये टिंब घालून त्याचा डीओआय केलेला आढळतो. हे बहुधा अज्ञानातून होते, त्यावरून प्रबंधच नाही असे समजू नये.

डीओआय नसेल तिथे खंड आणि वर्षाचा हिशेब फार उपयोगी पडतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘ईपीडब्ल्यू’चा पहिला खंड १९६६ चा. तेव्हा वर्षातून १९६५ वजा केले की खंड मिळतो, म्हणजे २०१९ साली ५४ वा खंड. मसुद्यात ‘२०१९, खंड ४७’ असे असेल, तर वर्ष किंवा खंड यांपैकी काहीतरी चुकले आहे आणि तो लेख दोन्ही वर्षांच्या अनुक्रमणिकांत शोधायला हवा. ‘प्लॉस वन’ २००६ साली सुरू झाले, म्हणून २०१९ चा खंड १४ वा. शिवाय तिथे छापील अंकासारखे सलग पृष्ठांक नसतात, प्रत्येक लेखाला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळे ‘प्लॉस वन, १४(३), २२५-२४१’ असा संदर्भ दिसताक्षणी बाजूला काढावा. हिशेब जुळला तरी निकाल लागत नाही. अखेरचा पुरावा म्हणजे त्या अंकाची अनुक्रमणिका, आणि ती नियतकालिकाच्या संकेतस्थळावर किंवा ग्रंथालयातल्या बांधीव खंडात पाहावी.

पुष्कळ प्राध्यापक शीर्षक गूगल स्कॉलरवर टाकतात आणि ते तिथे दिसले की निश्चिंत होतात. यातला धोका एका जुन्या आणि गमतीदार प्रकरणावरून कळतो. चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधी व्हॅन डर गीअर, हॅनराड्स आणि लप्टन या तिघांच्या नावावरचा, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा, ‘J. Sci. Commun., 163 (2000) 51–59’ असा पत्ता असलेला एक लेख शेकडो ठिकाणी उद्धृत झाला. लायडन विद्यापीठातील निवृत्त संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रूनेनबर्ग यांना तो कुठेच सापडेना, आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली त्याचा छडा लावून हकिगत प्रसिद्ध केली. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. लेखकांनी संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एल्सव्हिअरने आपल्या सूचनापत्रकात घातलेला तो नमुना होता. परिषदांसाठी तयार साच्यात लेख लिहिणाऱ्यांनी नमुन्याची ओळ पुसली नाही, आणि वेब ऑफ सायन्समध्ये त्या नसलेल्या लेखाची उद्धरणे चारशेच्या घरात गेली.

आपल्या पद्धतीने हा संदर्भ तपासून पाहावा. नियतकालिकाचे संक्षिप्त नाव ‘जर्नल ऑफ सायन्स कम्युनिकेशन’ असे उलगडले, तर त्या नावाचे नियतकालिक खरोखर आहे. ते इटलीतील त्रिएस्ते येथून निघते, पण त्याची सुरुवात २००२ सालची आहे. जे २००२ साली सुरू झाले त्याचा २००० सालचा अंक असणे शक्य नाही, आणि १६३ वा खंड तर दूरच. पाच मिनिटांत हा संदर्भ कोसळतो. तरी तो पसरला, कारण प्रत्येकाला तो आधी कुणीतरी दिलेला दिसत होता. स्कॉलरवरही नेमके हेच घडते. इतरांच्या संदर्भसूचींतून उचललेल्या, प्रत्यक्ष लेखाचा मजकूर न सापडलेल्या नोंदी तिथे दाखवल्या जातात आणि त्यांच्या शीर्षकाआधी `[CITATION]` अशी खूण असते. जुन्या पुस्तकांनाही ती खूण लागते, त्यामुळे ती दिसली म्हणजे बनावट असे नाही. परंतु केवळ ती नोंद हाती असेल, तर आपल्याकडे लेख असल्याचा पुरावा नाही, कुणीतरी तो उद्धृत केल्याचा पुरावा तेवढा आहे. आता चॅटबॉटचे संदर्भ तपासणीविना छापले जाऊ लागल्यापासून अशा नोंदींत भर पडत राहणार, हे उघड आहे.

संदर्भ-व्यवस्थापनासाठी विद्यार्थिनी झोटेरो वापरत असल्यास डीओआय टाकून नोंद आपोआप आणण्याची तिथली सोय चांगली आहे, मात्र ती पडताळणी झाल्यावर वापरावी. आधी वापरल्यास एक विचित्र गोष्ट होते. चुकीचा डीओआय ज्या भलत्या लेखाचा असेल, त्याचीच शुद्ध आणि निर्दोष नोंद सूचीत येऊन बसते. मूळ ओळीत दिसणारी विसंगती पुसली जाते आणि शाळागळतीच्या वाक्यापुढे वनस्पतिशास्त्राचा लेख उभा राहतो. म्हणून चॅटबॉटने दिलेली मूळ सूची तशीच जपून ठेवावी आणि तिच्याशेजारी प्रत्येक डीओआयवर प्रत्यक्ष काय सापडले ते लिहीत जावे.

बनावट ठरलेल्या संदर्भाचे काय करावे, याबद्दल माझे मत काहीसे कडक आहे. त्याच्या जागी मिळताजुळता खरा लेख शोधून बसवू नये. मसुद्यातले वाक्य त्या नसलेल्या लेखाच्या आधाराने लिहिलेले आहे. ‘अमुक जिल्ह्यात मासिक पाळी सुरू झाल्यावर इतके टक्के मुलींनी शाळा सोडली’ असे विधान असेल, तर संदर्भाबरोबर तो आकडाही रचलेला असू शकतो. खरा लेख जोडल्याने रचलेल्या आकड्याला खोटा आधार मिळतो, आणि ते मूळ चुकीपेक्षा वाईट आहे. तेव्हा आधी वाक्य काढावे, मग त्या मुद्द्यावर खरोखर काय लिहिले गेले आहे ते वाचावे, आणि वाचलेल्या लेखात जे सापडेल त्यावरून वाक्य नव्याने लिहावे. आकडा बदलला, तर त्या परिच्छेदाचा निष्कर्षही बदलावा लागेल.

विद्यार्थिनीने मदत घेतल्याचे लपवलेले नाही, त्यामुळे तिची चौकशी मांडण्याची गरज मला दिसत नाही. नोंद जुळलेल्या प्रत्येक संदर्भासाठी तिच्याकडे लेखाची फाइल मागावी आणि मसुद्यातले विधान ज्या पानावर आहे ते पान दाखवायला सांगावे. नोंद अचूक आणि लेख खरा असूनही त्यात ते विधानच नसणे, हा प्रकार कोणताही डीओआय उघडा पाडू शकत नाही. तो पान उघडून वाचणाऱ्यालाच सापडतो. ज्या लेखाचा केवळ सारांश तिला मिळाला आहे, त्याच्या आधारावर सारांशात नसलेले विधान मसुद्यात ठेवू नये. आपल्या महाविद्यालयाला लेख मिळत नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे मागणी करावी, किंवा लेखकांना ईमेल लिहावा. बहुतेक लेखक आपला लेख आनंदाने पाठवतात.

उरलेले संदर्भ पक्के झाल्यावर, लेख पाठवण्याआधी त्यांपैकी कोणता मागे घेतला गेला आहे का, हेही पाहून घ्यावे. प्रकाशकाच्या पानावर शीर्षकाजवळ क्रॉसमार्कचे बटण असल्यास ते दाबताच दुरुस्ती वा माघारीची माहिती दिसते. मागे घेतलेल्या लेखांचा रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह २०२३ पासून क्रॉसरेफकडे असून तो सर्वांना खुला आहे, आणि झोटेरोमध्ये असा लेख असल्यास तो स्वतःहून लाल पट्टीत इशारा देतो.